यादी आधी, की शब्द येईल तिथे अर्थ?

विज्ञानाच्या किंवा तंत्रज्ञानाच्या व्याख्यानात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक स्लाइड हमखास येते. वर ‘महत्त्वाच्या संज्ञा’ असा मथळा, खाली दहा-बारा ओळी. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. ‘हे शब्द पुढे लागणार आहेत, तेव्हा आधीच बघून घेऊ,’ असं म्हणून वक्ता एकेक ओळ वाचत जातो. सभागृहात दोन-चार मोबाईल वर होतात, स्लाइडचा फोटो निघतो. वक्त्याला वाटतं, लोक लक्ष देऊन ऐकताहेत. पण फोटो काढणाऱ्याने मनाशी एवढंच ठरवलेलं असतं, की हे आत्ता काही लक्षात राहणार नाही, नंतर पाहू.

दुसरी पद्धत अशी, की यादी द्यायचीच नाही. शब्द पहिल्यांदा तोंडी येईल तिथेच त्याचा अर्थ सांगायचा आणि पुढे जायचं. दोन्ही पद्धती वापरणारे आपापल्या जागी ठाम असतात. पण ‘माझ्या व्याख्यानात यादी ठेवू की नको’ हा प्रश्नच जरा घाईचा आहे. निवाडा आख्ख्या व्याख्यानाचा एकदम होत नाही, एकेका शब्दाचा करावा लागतो. हा शब्द किती वेळा येणार, पहिल्यांदा आल्यावर पुन्हा किती वेळाने येणार, आणि तो समजायला दुसरे कुठले शब्द आधी समजलेले असावे लागतात, एवढं पाहिलं की त्याची जागा बहुधा आपोआप ठरते.

पान मागे उलटता येत नाही

संज्ञांची यादी ही मुळात छापील मजकुराची सोय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उघडला तर कलम २ मध्ये ‘माहिती’, ‘अभिलेख’, ‘सार्वजनिक प्राधिकरण’ यांच्या व्याख्या एकत्र सापडतात. पुढच्या एखाद्या कलमापाशी अडलं, की वाचणारा मागे जातो, व्याख्या पाहतो आणि परत येतो. यादीचं सगळं बळ या मागे जाण्यात आहे. श्रोत्याला ते करता येत नाही. चौथ्या मिनिटाला पाहिलेला शब्द पंचविसाव्या मिनिटाला आला, तर मधली एकवीस मिनिटं त्याला तो डोक्यात धरून ठेवावा लागतो.

आणि ही धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा साधारण सात गोष्टी अशी सांगितली. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेऊन तो आकडा चारच्या आसपास आणला. तोही गोष्टी ओळखीच्या असतील तर. लग्नात दारातच एका दमात बारा नातेवाइकांची ओळख करून दिली, तर आपण सगळ्यांना हसून नमस्कार करतो आणि पंगतीत बसेपर्यंत कोण मावसभाऊ आणि कोण जावई हे विसरलेलो असतो. तेच नातेवाईक एकेक करून, आपल्याशी काही बोलता बोलता भेटले, तर नावं राहतात.

हिंगोलीतलं एक व्याख्यान

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, हिंगोलीत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शाळांतले विज्ञानशिक्षक यांच्यासमोर तुम्हाला लायगो या प्रकल्पावर पंचेचाळीस मिनिटं बोलायचं आहे. विषय तिथे परका नाही. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायची आहे आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. व्याख्यानाचा गाभा मात्र १४ सप्टेंबर २०१५ची घटना आहे. त्या दिवशी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन लायगो यंत्रांनी, दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना निघालेली गुरुत्वीय लहर टिपली.

पहिल्या मसुद्यात तुमच्या संज्ञांची यादी साधारण अशी होते: गुरुत्वीय लहर, अवकाशकाल, कृष्णविवर, सौर वस्तुमान, इंटरफेरोमीटर, बीमस्प्लिटर, टेस्ट मास, फॅब्री-पेरो कॅव्हिटी, स्ट्रेन, नॉइज, मॅच्ड फिल्टरिंग आणि चर्प. बारा शब्द. एका स्लाइडवर घेऊन प्रत्येकाला पंधरा सेकंद दिले, तरी तीन मिनिटं गेली, आणि त्या तीन मिनिटांत लायगोबद्दल श्रोत्याला काहीच कळलेलं नसतं. हे शब्द कशासाठी लागणार, हेही त्याला ठाऊक नसतं.

आता एकेक शब्द हातात घेऊ.

आधी, नकोत ते शब्द

पहिला प्रश्न व्याख्या कुठे सांगायची हा नसतोच. शब्द हवा आहे का, हा असतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हिलरी शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. साडेसहाशेच्या आसपास लोकांना स्वयंचलित मोटारी, रोबोटने केलेली शस्त्रक्रिया आणि थ्रीडी बायोप्रिंटिंग या विषयांवरचे परिच्छेद वाचायला दिले. काहींना साध्या भाषेतले, काहींना तांत्रिक शब्दांनी भरलेले. तांत्रिक मजकूर मिळालेल्यांतल्या काहींना शब्दावर माउस नेला की अर्थ दिसण्याची सोय होती. तांत्रिक शब्द वाचलेल्यांना मजकूर जड गेला आणि विषयातला रसही कमी वाटला, हे अपेक्षितच होतं. पण अर्थ हाताशी असलेल्यांचीही तीच गत झाली. व्याख्या दिल्याने शब्दाचा भार उतरला नाही. हा प्रयोग वाचनाचा होता, ऐकण्याचा नव्हता. तरी वाचकाला थांबण्याची मुभा असूनही असं होत असेल, तर श्रोत्याकडून याहून जास्त अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून चाळणी लावायची. ‘सौर वस्तुमान’ कशाला? त्या दोन कृष्णविवरांची वस्तुमानं सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट होती, असं म्हटलं की काम झालं. एकत्र आल्यावर मात्र ६५ पट न भरता ६२ पटच उरलं आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेच्या रूपाने निघून गेलं, हेही त्याच साध्या भाषेत सांगता येतं. ‘फॅब्री-पेरो कॅव्हिटी’ मसुद्यात एकदाच येते. तिच्या जागी ‘प्रकाश आरशांमध्ये सुमारे ३०० वेळा पुढे-मागे खेळवला जातो’ हे वाक्य पुरतं. ‘टेस्ट मास’ म्हणजे यंत्रातला टांगलेला आरसाच. त्याला आरसा म्हणा. ‘अवकाशकाल’ शब्द एका वाक्यापुरता आला असेल तर ‘अवकाश’ म्हणून भागतं. ‘कृष्णविवर’ या श्रोत्यांना माहीत आहे. त्याची व्याख्या सांगणं म्हणजे शिक्षकांना पाढे म्हणून दाखवणं.

बारातले चार शब्द गेले आणि एकाला ओळखीची गरज नाही. उरले सात.

शब्द येईल तिथे

‘स्ट्रेन’ टाळता येत नाही, कारण व्याख्यानातला मुख्य आलेख स्ट्रेनचाच आहे. लायगोच्या शोधनिबंधातल्या त्या प्रसिद्ध आलेखाच्या उभ्या अक्षावर `Strain (10⁻²¹)` असं लिहिलेलं असतं. यादीत या शब्दाचा अर्थ ‘लांबीतील सापेक्ष बदल’ असा येईल. तो बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे, कारण कशाची लांबी हे चौथ्या मिनिटाला कुणाला माहीत नसतं. त्याआधी यंत्राचे चार-चार किलोमीटरचे दोन बाहू श्रोत्याच्या डोळ्यांसमोर उभे राहायला हवेत. ते राहिले, की मग सांगायचं: ‘लहर गेली की हा बाहू किंचित ताणला जातो. किती ताणला, याला मूळ लांबीने भागलं की आला स्ट्रेन. २०१५च्या लहरीचा स्ट्रेन होता १० चा उणे २१ वा घात. म्हणजे चार किलोमीटरमध्ये बदल किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका.’ एवढ्याला अर्धा मिनिट लागतो. पण हा अर्धा मिनिट व्याख्यानातून उसना घेतलेला नाही. तो व्याख्यानाचाच भाग आहे. ही व्याख्या सांगतानाच यंत्र किती नाजूक आहे, हे श्रोत्याला कळून गेलेलं असतं.

जागेवर सांगितलेली व्याख्या चांगली उतरली की नाही, हे वाक्याच्या वळणावरून ओळखता येतं. ‘स्ट्रेन म्हणजे काय, तर…’ असं थांबून सुरू केलं, की सभागृहात वर्ग भरल्यासारखं होतं आणि ज्याला शब्द ठाऊक आहे तो कंटाळतो. गोष्ट आधी दाखवून शेवटी नाव दिलं, तर जाणकाराला अडवल्यासारखं वाटत नाही आणि नवख्याला नाव ठेवायला जागा मिळते. हिंगोलीच्या सभागृहात भौतिकशास्त्र शिकवणारे आणि बीएच्या पहिल्या वर्षाची मुलं शेजारी-शेजारी बसलेली असतील. अशा मिश्र श्रोत्यांपुढे यादीची स्लाइड जाणकारांना तीन मिनिटं ताटकळत ठेवते. जागेवरची ओळख त्यांच्या कानांवरून पाच-दहा सेकंदांत निघून जाते.

‘चर्प’ हा शब्द तर यादीत समजावताच येत नाही. त्या लहरीची कंप्रता सुमारे ०.२ सेकंदांत ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. या कंप्रता माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्या संकेताचा ध्वनी करून ठेवला आहे. आधी तो ऐकवायचा: खालून वर झपकन चढणारा, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा छोटासा आवाज. दोनदा ऐकवायचा. मग म्हणायचं, ‘याला चर्प म्हणतात.’ या पाच सेकंदांनी जे होतं, ते व्याख्येच्या दोन ओळींनी होणार नाही.

जागेवर अर्थ सांगण्याच्या पद्धतीची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. ‘पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्यावा’ हा नियमही छापील लेखनातून आलेला आहे आणि तिथे एकदा सांगितलं की पुरतं. आपल्या व्याख्यानात स्ट्रेन चौदाव्या मिनिटाला समजावला आणि आलेख सत्ताविसाव्या मिनिटाला आला, तर मधल्या तेरा मिनिटांत निम्म्या लोकांच्या हातून तो सुटलेला असतो. म्हणून आलेखाशी आल्यावर अक्षावर बोट ठेवून ‘हा उभा अक्ष स्ट्रेनचा, म्हणजे बाहू किती पटीत ताणला’ असं पुन्हा म्हणायचं. आठ-नऊ शब्दांचं काम. स्लाइडवर अक्षाच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘लांबीतला बदल ÷ मूळ लांबी’ असं लिहून ठेवलं तर आणखी बरं. एकच सलग मुद्दा चालू असताना शब्द दोनदा आला, तर पुन्हा सांगायची गरज नसते. मध्ये दुसरा विषय येऊन गेला असेल, तर असते.

एकत्रच लागणारे शब्द

आता इंटरफेरोमीटर. इथे जागेवर अर्थ सांगण्याची पद्धत तोकडी पडते. लेसर, बीमस्प्लिटर, दोन बाहू, त्यांच्या टोकांचे आरसे आणि डिटेक्टर या पाच गोष्टी एका यंत्राचे भाग आहेत आणि यंत्र कसं चालतं हे सांगताना त्या एकाच मिनिटात, एकामागून एक येतात. प्रत्येक नावापाशी थांबून अर्थ सांगत बसलं, तर प्रकाशाचा प्रवास पाच ठिकाणी तुटतो आणि कार्यकारणाचा धागा श्रोत्याच्या हातून निसटतो.

अशा वेळी नावं आधी सांगण्यात खरंच फायदा आहे, आणि त्याला आधारही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मोटारीच्या ब्रेकवर केलेला प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. ब्रेक कसा चालतो, याचं निवेदनासह ॲनिमेशन विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. काहींना ते थेट दाखवलं. काहींना त्याआधी एकेका भागाचं नाव आणि तो काय काय करू शकतो, एवढंच चित्रावर दाखवलं. म्हणजे पिस्टन पुढे सरकू शकतो किंवा मागे. पुढे ‘ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही, तर काय बिघडलं असेल?’ अशा विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या गटाने अधिक चांगली दिली.

संज्ञांच्या स्लाइडची बाजू घेणारे याच निष्कर्षाकडे बोट दाखवतात, पण त्यात एक गोष्ट निसटते. त्या विद्यार्थ्यांना शब्द आणि अर्थ अशी यादी दिलेली नव्हती. चित्रातल्या जागेवर नाव दिलं होतं आणि त्या भागाच्या अवस्था सांगितल्या होत्या. शिवाय लगेच पुढे ते भाग कामाला लागले होते, वीस मिनिटांनी नव्हे. आणि हा फायदा विषयात नवख्या माणसाला होतो; जाणकाराला तीच पूर्वतयारी ओझं वाटते.

तेव्हा आपल्या व्याख्यानात सातव्या मिनिटाला यंत्राचं एक साधं रेखाचित्र घ्यावं. इंग्रजी एल अक्षरासारखे दोन बाहू आणि पाच नावं, प्रत्येक नाव त्या त्या भागाला चिकटलेलं. नावाबरोबर एकेक क्रियापद: लेसर प्रकाश सोडतो, बीमस्प्लिटर तो दोन बाहूंत वाटतो, बाहूची लांबी बदलू शकते, आरसा प्रकाश परत पाठवतो, डिटेक्टर परत आलेला प्रकाश पाहतो. याला वीस-पंचवीस सेकंद पुरतात. त्याच चित्रावर मग प्रकाश सोडायचा: दोन्ही बाहूंतून परतलेल्या लाटा एकमेकींना मारतील अशी रचना आहे, म्हणून एरवी डिटेक्टरपाशी जवळजवळ अंधार असतो, लहर आली की एक बाहू ताणला जातो, दुसरा आकसतो, लाटांचा मेळ बिघडतो आणि डिटेक्टरला प्रकाश दिसतो. या सगळ्या यंत्राला इंटरफेरोमीटर म्हणतात. हे नाव सगळ्यात शेवटी.

यादीची खरी जागा

मग संज्ञांची यादी कुठेच नको का? हवी, पण मागे जाता येईल अशा ठिकाणी. हातात कागद दिला असेल, तर त्यावर ती जरूर असावी. माहिती अधिकाराच्या कार्यशाळेत कलम २ मधल्या व्याख्यांचा छापील कागद प्रत्येकासमोर असतो, म्हणून तिथे ती पद्धत चालते. तिथे व्याख्येतल्या एका शब्दावर अर्ज मंजूर की नामंजूर हे ठरू शकतं, त्यामुळे नेमका मजकूर डोळ्यांसमोर असणं गरजेचंच असतं. व्याख्यानाचं भाषांतर होणार असेल, तर दुभाष्याला यादी आदल्या दिवशीच पोचवावी. आणि प्रश्नोत्तरांसाठी शेवटच्या स्लाइडमागे एक यादी राखून ठेवावी. कुणी ‘ते फिल्टरिंग काय म्हणालात?’ असं विचारलं, की ती काढता येते. तोवर श्रोत्याला सगळी गोष्ट माहीत झालेली असल्याने व्याख्या लगेच बसते.

शब्द तोच, विषय वेगळा

‘मॅच्ड फिल्टरिंग’ मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मुंबईतल्या एखाद्या शाळेसमोर अर्ध्या तासाचं भाषण असतं, तर हा शब्द पहिल्याच चाळणीत गेला असता. हिंगोलीत तो ठेवावासा वाटेल, कारण या पद्धतीच्या पायाभरणीचं काम महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, गोंगाटात बुडालेला असा संकेत हुडकायला नमुने कसे निवडायचे, याचं गणित मांडलं. शब्द ठेवायचा तर त्याला जागाही द्यायला हवी. आधी नॉइज: जमिनीची कंपनं, दूरचा ट्रक, समुद्राच्या लाटा, यंत्राची स्वतःची थरथर. मग प्रश्न: यातून ०.२ सेकंदांचा संकेत शोधायचा कसा? मग उत्तर: कृष्णविवरांच्या वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी संकेत कसा दिसेल, हे आधीच गणिताने काढून ठेवायचं आणि असे लाखो नमुने आलेल्या नोंदीवर सरकवून कुठे जुळतं ते पाहायचं. शेवटी नाव. व्याख्यान कशाविषयी आहे, त्यावर शब्दाचा दर्जा असा बदलतो. म्हणून एका व्याख्यानाची यादी दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

चुकलं हे कसं कळतं

तालमीला विषय माहीत नसलेला एक माणूस बसवावा आणि त्याला सांगावं, की शब्द अडला की हात वर कर, मी थांबणार नाही. हात कुठे वर होतात, ते दुसऱ्या कुणी लिहून घ्यावं. पहिल्यांदा आलेल्या शब्दापाशी हात वर झाला, तर व्याख्या अपुरी आहे. दुसऱ्यांदा आला तेव्हा झाला, तर व्याख्या ठीक होती, पण अंतर जास्त पडलं. आणि एकाच गोष्टीला तुम्ही कधी लहर, कधी तरंग, कधी सिग्नल म्हणत असाल, तर हात भलत्याच ठिकाणी वर होतो. श्रोता या तीन नावांखाली तीन वस्तू शोधत असतो. लेखनात शब्दाची पुनरुक्ती खटकते म्हणून आपण पर्याय वापरतो. व्याख्यानात संज्ञेच्या बाबतीत ती पुनरुक्तीच हवी.

व्याख्यानानंतरचे प्रश्नही ऐकण्यासारखे असतात. विचारणाऱ्याने ‘स्ट्रेन इतका कमी, तर भूकंपाने चुकीची नोंद नाही का होणार?’ असं विचारलं, तर शब्द त्याचा झाला. (भूकंपाचा धक्का दोन्ही ठिकाणी एकदम पोचत नाही, सुमारे ३,००० किलोमीटर दूर असलेल्या त्या दोन यंत्रांनी तोच संकेत ७ मिलिसेकंदांच्या फरकाने टिपला, हे त्याचं उत्तर.) ‘ते तुम्ही मघाशी ताणण्याचं काहीतरी म्हणालात ना’ असं आलं, तर कल्पना पोचली, नाव पोचलं नाही, त्यात फारसं बिघडलेलं नाही. पण सगळे प्रश्न हिंगोलीची जागा, खर्च आणि नोकऱ्या यांच्याविषयीच आले, तर शब्दांच्या आघाडीवर तुम्ही बहुधा हरलात.

चाळणी, चित्र आणि जागेवरची ओळख एवढं करूनही जर आठ-दहा अनोळखी शब्द शिल्लक राहत असतील, तर त्यावर स्लाइडचा इलाज नाही. एका तासात एवढे शब्द कुणालाच पेलत नाहीत. तेव्हा विषयाचे दोन भाग करावेत आणि आयोजकांकडे दुसरी तारीख मागावी.